२५ मिमी ईएन ८ प्लेट: लेझरने कापावी की वॉटरजेटने?

प्रश्न: रबाळेला आमचं छोटं वर्कशॉप आहे. २५ मिमी ईएन ८ प्लेटमधून २५० बाहेरचा व्यास, १०० बोअर आणि एम १२ ची आठ टॅप होल असलेले फ्लँज हवे आहेत. पहिला लॉट होलसकट लेझरवर कापून आणला, तर टॅप तुटायला लागले. वॉटरजेटवाला फारच जास्त भाव सांगतोय. उष्णतेचा परिणाम, अचूकता, कडेचं फिनिश आणि खर्च बघता काय करावं?

उत्तर:

वॉटरजेटकडे जायची गरज नाही. बाहेरचा गोल आणि बोअर लेझरवरच कापा, मशिनिंग अलाउन्स ठेवून. टॅपची होल मात्र लेझरला अजिबात कापू देऊ नका, ती अखंड प्लेटमध्ये ड्रिल करा. मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये जॉबवर्क करतो आणि दोन्ही मशीनवरून कापलेला जाड माल आमच्याकडे मशिनिंगला येतो, त्यामुळे हा प्रश्न नेहमीच समोर असतो.

आधी टॅप का तुटले ते बघू, कारण बाकीचे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. एवढ्या जाडीचं कार्बन स्टील लेझरवर बहुतेक वेळा ऑक्सिजनने कापतात. लेझर पेटवतो, पण पुढे लोखंड स्वतः ऑक्सिजनमध्ये जळत जातं. कापाच्या दोन्ही बाजूंना धातूचा एक पातळ थर लालभडक होतो आणि त्याला लागून २५ मिमीची थंडगार प्लेट असते. ती प्लेट उष्णता इतक्या झटकन ओढून घेते की पाणी किंवा तेल न लावताच तो थर क्वेंच होतो. ईएन ८ मध्ये कार्बन साधारण ०.३६ ते ०.४४ टक्के असतो, म्हणजे कडक व्हायला भरपूर. मूळ प्लेट २०० विकर्सच्या आसपास असते, तर कापलेल्या कडेचा थर ५०० च्या वरही जाऊ शकतो. जाडी वाढेल तशी ही ओढ वाढते, म्हणून पातळ पत्र्यात न जाणवलेला त्रास जाड प्लेटमध्ये अचानक डोकं वर काढतो. आयएस २०६२ च्या साध्या एमएसमध्ये कार्बनची मर्यादाच ०.२३ टक्के आहे. त्यामुळे त्याच मशीनवर, त्याच सेटिंगला कापलेलं एमएसचं होल बऱ्याचदा निमूट टॅप होतं आणि लोकांना वाटतं की दोष टॅपचा आहे.

हा कडक थर साधारण ०.३ ते ०.५ मिमीचा असतो. कोपऱ्यात आणि लहान होलमध्ये त्याहून जास्त, कारण तिथे बीम रेंगाळतो. आता एम १२ चा हिशेब करा. पिच १.७५, म्हणजे आट्याची खोली एका बाजूने जेमतेम ०.९ मिमी. होल थेट १०.२ ला कापलं असेल, तर टॅपच्या दाताचा निम्मा प्रवास त्या कडक थरातून होतो, आणि तोही होलच्या पूर्ण लांबीभर. त्यात २५ मिमी जाडीत १० मिमीचं होल ऑक्सिजन लेझरने सरळ येत नाही. जाडीएवढा व्यास असेल तर काम निर्धास्त होतं. त्याच्या निम्म्याच्याही खाली उतरलं की होल खाली तिरकं किंवा फुगीर होतं आणि पिअर्सिंगच्या जागी खड्डा पडतो.

काही जण मधला मार्ग काढतात: लेझरने ८ मिमीचं पायलट होल आणि मग १०.२ चं ड्रिल. हे सगळ्यात वाईट. ड्रिलला कापायला एका बाजूने फक्त १.१ मिमी उरतं, त्यातला जवळजवळ निम्मा भाग कडक, आणि ड्रिल त्या तिरक्या होलच्या मागे वाहवत जातं.

थर कडक आहे की नाही हे ओळखायला नवी फाइल पुरते. कापलेल्या कडेवर आधीची काळपट ऑक्साइडची पापडी ग्राइंडरने हलकेच काढा आणि फाइल चालवा. चावली तर ठीक, काचेवरून सरकावी तशी सरकली तर थर कडक आहे. कोणी कडेवर रॉकवेल सी लावून "२० सुद्धा येत नाही" असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या चाचणीचा भार दीडशे किलोचा असतो, तो पातळ थर भेदून खालचा मऊ गाभाच मोजतो. खरं मोजायचं असेल तर आडवा छेद घासून पॉलिश करून कडेपासून ०.१ मिमीच्या टप्प्यांनी मायक्रो विकर्स घ्यावं लागतं.

वॉटरजेटमध्ये हा थर नसतो, हे अगदी खरं. साधारण चार हजार बारच्या दाबाचं पाणी आणि गार्नेटची वाळू धातू खरवडून नेते. कड कोमट होते, बस. पण भाव का चढतो ते तुमच्याच फ्लँजवर बघा. बाहेरचा गोल ७८५ मिमी आणि बोअर ३१४, मिळून सुमारे ११०० मिमी कापायचं. ६ किलोवॅटचा लेझर २५ मिमीत मिनिटाला अर्धा मीटर धरला तर पिअर्सिंगसकट तीन मिनिटं लागतील. वॉटरजेटवर चांगली कड हवी असेल तर मिनिटाला ५० मिमीच्या आसपास चालावं लागतं, म्हणजे २२ मिनिटं, सुरुवात-शेवट धरून २५. लेझरच्या तासाचा दर वॉटरजेटच्या दुप्पट धरला तरी वॉटरजेट चौपट महाग पडतो. शिवाय मिनिटाला ४०० ग्रॅम गार्नेट धरलं तर एका फ्लँजला दहा किलो वाळू जाते. फ्लँजचं स्वतःचं वजन आठ किलो आहे! वॉटरजेटवाला तुम्हाला लुटत नाहीये, त्याचा खर्चच तेवढा आहे.

होलचं गणित तर आणखी बोलकं आहे. १०.२ ची आठ होल म्हणजे २५६ मिमी परिघ. लहान गोलात जेट हळू चालवावा लागतो, त्यात आठ पिअर्सिंग, म्हणजे सहज दहा मिनिटं. साध्या एचएसएस ड्रिलने ८०० आरपीएम आणि ०.१५ फीडवर एक होल पंधरा-वीस सेकंदांत आरपार जातं. व्हीएमसीवर आठही होल चार मिनिटांच्या आत. आणि ड्रिलच्या होलमध्ये गार्नेटचे कण रुतलेले नसतात. वॉटरजेटच्या कडेत ते थोडे राहतात आणि टॅपची धार खातात.

अचूकतेबद्दल. इथे लोक मशीनच्या ब्रोशरमधला ±०.०५ चा आकडा पकडून बसतात. तो डोक्याच्या हालचालीचा आकडा आहे, २५ मिमी खोल कडेचा नाही. थर्मल कटिंगसाठी आयएसओ ९०१३ मध्ये कडेच्या काटकोनाची दुसरी श्रेणी ०.१५ + ०.००७ × जाडी अशी मोजतात. २५ मिमीला ती ०.३२५ मिमी येते. चांगल्या लेझरवाल्याकडून या जाडीत एवढी अपेक्षा ठेवणं रास्त आहे. शिवाय एका प्लेटवर दाटीवाटीने पार्ट कापले की प्लेट तापते. ५० अंश वाढले तर २५० मिमीचा माप ०.१४ मिमीने फुगतो आणि थंड झाल्यावर पार्ट तेवढा लहान भरतो. होलचं पीसीडी बिघडायचं हेही एक कारण. वॉटरजेटवर प्लेट तापत नाही, पण जेट खाली मागे रेलतो. वेगात चालवला की काप वर रुंद, खाली अरुंद होतो आणि कडेच्या खालच्या अर्ध्यात वाकड्या रेघा उमटतात. डोकं तिरकं करून टेपर भरून काढणारं मशीन असेल तर एका बाजूचा फरक ०.१ च्या आत येतो.

तरीही तुमच्या बोअरला एच ७ असेल तर १०० मिमीवर सगळी सूट मिळून ३५ मायक्रॉनची. ती दोन्ही मशीन देऊ शकत नाहीत, लेथवर जावंच लागणार. आणि लेथवर जायचंच आहे तर त्या कडेच्या सुबकतेसाठी चौपट पैसे का द्यायचे?

म्हणून लेझरला ड्रॉइंग देताना बाहेरचा व्यास २५६ आणि बोअर ९४ द्या, म्हणजे बाजूला तीन मिमी. पिअर्सिंग बोअरच्या आतल्या टाकाऊ चकतीत आणि बाहेरच्या स्क्रॅपमध्ये करायला सांगा. होलच्या जागी काहीच नको, सेंटर मार्किंगसुद्धा नको. व्हीएमसी बोअरवरून सेंटर घेईल. टर्निंगचा पहिला कट कार्बाइड इन्सर्टने, बाजूला किमान एक मिमी खोल घ्या, म्हणजे टोक कडक थराखालच्या मऊ धातूत राहील. पाव मिमीचे घाबरत घाबरत कट घेतले की टोक थराच्या आतच घासत राहतं आणि इन्सर्ट संपतात.

वॉटरजेटचे पैसे मी कुठे आनंदाने देईन? जिथे कापलेली कड हीच शेवटची कड आहे आणि धातू उष्णता सहन करत नाही तिथे. हार्डॉक्ससारखी कडक प्लेट २५० अंशांच्या वर गेली की कडेला मऊ पडते, तिथला झिजणारा पार्ट वॉटरजेटवरच. ईएन २४ मधला गुंतागुंतीचा प्रोफाइल, ज्यावर पुढे मशिनिंग होणार नाही आणि जो झटके खाणार आहे, तोही. कडक थरातल्या बारीक भेगा तिथे पुढे फटिगने मोठ्या होतात. मात्र वॉटरजेटचा कार्बन स्टीलचा माल पावसाळ्यात आपल्याकडे संध्याकाळपर्यंत लाल होतो. मशीनवरून उतरताच हवेने सुकवून रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेल मारून द्यायचं, हे पर्चेस ऑर्डरवरच लिहा.

आता पडून असलेल्या लॉटचं. टॅपवर अजून पैसे घालवू नका. होल बऱ्यापैकी सरळ असतील तर सगळे पीस ५५० ते ६०० अंशांवर तासभर टेम्परिंगला द्या. हे तापमान ईएन ८ च्या रूपांतर तापमानाच्या बरंच खाली आहे, त्यामुळे गाभ्याला धक्का लागत नाही आणि कडक थर पुन्हा कापता येईल इतका मऊ होतो. पापडी येईल, पण फेस आणि व्यास टर्निंगला जाणारच असतील तर ती निघून जाईल. एकच पीस आधी पाठवा, परत आला की होलच्या तोंडावर फाइल लावा आणि एक होल टॅप करून बघा. होल तिरकी असतील तर टेम्परिंगने ती सरळ होणार नाहीत. मग डिझायनरला विचारून एम १६ साठी १४ चं ड्रिल मारता येतं का बघा. १०.२ वरून १४ ला बाजूला १.९ मिमी निघतं, म्हणजे कडक थर पूर्ण जातो. पण हे ड्रिल कार्बाइडचं आणि व्हीएमसीवर घट्ट पकडूनच, रेडियल ड्रिलवर नाही.