छुप्ता, छुवॉयो आणि हरवलेला ‘व’

प्रश्न : कोरियन शिकतेय. ‘थंडी आहे’ला ‘छुवॉयो’ म्हणतात, पण शब्दकोशात ‘छुप्ता’ सापडतं. मधला ‘प’ गेला कुठे? बरं, तो नेहमीच जातो असंही नाही. ‘इप्ता’चं (कपडे घालणे) ‘इबॉयो’ होतं, तिथे टिकतो. कुठे जाणार नि कुठे राहणार हे ओळखायचं कसं?

आधी लिपीबद्दल एक खुलासा. कोरियन ‘ऑ’ आपल्या ‘ऑफिस’मधल्या स्वराजवळचा आहे, म्हणून मी तो तसाच लिहितो. धातूच्या शेवटचा ‘प’ दोन स्वरांमध्ये आला की ‘ब’सारखा ऐकू येतो, म्हणून ‘इप्ता’चं ‘इबॉयो’. हा नुसता उच्चारातला फरक आहे, कोरियन लिपीत दोन्हीकडे अक्षर एकच असतं. ‘छुप्ता’त घडतं ते मात्र निराळं. तिथे लिहिण्यातूनही ‘प’ जातो.

दोन सारख्या धातूंनी हे सगळ्यांत स्वच्छ दिसतं. कोरियनमध्ये ‘कुप्ता’ नावाचे दोन वेगळे शब्द आहेत. एकाचा अर्थ भाजणे, दुसऱ्याचा वाकणे. शब्दकोशात दोन्ही अक्षरशः सारखे दिसतात. व्यंजनाने सुरू होणारा प्रत्यय लावला तरी फरक पडत नाही. ‘भाजून आणि’ असो वा ‘वाकून आणि’, दोन्ही ‘कुप्को’. आता स्वराने सुरू होणारा ‘ऑयो’ लावा. मांस भाजतात तेव्हा ‘कोगिरुल कुवॉयो’ म्हणायचं, आणि पाठ वाकते तेव्हा ‘कुबॉयो’. ‘तर’ या अर्थाचा ‘उम्यॉन’ लावला की भाजलं तर ‘कुउम्यॉन’, वाकलं तर ‘कुबुम्यॉन’. विशेषणरूपात भाजलेलं ते ‘कुउन’ आणि वाकलेलं ते ‘कुबुन’. थंडीत रस्त्यावर मिळणाऱ्या भाजक्या रताळ्यांना ‘कुन-कोगुमा’ म्हणतात, त्यातला ‘कुन’ म्हणजे हाच ‘कुउन’, आखडलेला. आणि ‘वाकडं झाडच पूर्वजांच्या डोंगराची राखण करतं’ या अर्थाची कोरियन म्हण ‘कुबुन’ने सुरू होते, कारण सरळ झाडं तोडून नेली जातात.

शाळेतलं व्याकरण याची रीत अशी सांगतं : स्वर पुढे आला की ‘प’चा ‘उ’ करा, मग तो ‘उ’ पुढच्या ‘ऑ’त मिळवा. कु-उ-ऑयो, म्हणजे कुवॉयो. छु-उ-ऑयो, म्हणजे छुवॉयो. दुसरी पायरी आपल्याला मुळीच परकी नाही. ‘विंचू’ला प्रत्यय लावताना आपण ‘विंचवाला’ म्हणतो, ‘नातू’चं ‘नातवाला’ करतो. स्वर पुढे आला की ‘उ’ आपोआप ‘व’ होतो, तीच तोंडाची सवय इथे आहे. पण पहिली पायरी, ‘प’चा ‘उ’, ही रीत सांगते, कारण सांगत नाही. आणि ‘वाकणे’वाल्या ‘कुप्ता’ला ती का लागत नाही, यावर ती गप्पच राहते.

त्यासाठी १५व्या शतकात जावं लागतं. राजा सेजोंगने नवी लिपी १४४३मध्ये तयार केली आणि १४४६मध्ये जाहीर केली. तिच्यात ‘प’च्या अक्षराखाली एक छोटं वर्तुळ जोडून केलेलं एक जोडअक्षर होतं. आज ते वापरात नाही. त्याचा आवाज दोन ओठ नुसते जवळ आणून काढलेल्या ‘व’सारखा होता, दात न लावता. त्या काळच्या लेखनात ‘गरम’च्या रूपांत आणि ‘मदत करणे’च्या रूपांत स्वरापुढे नेमकं हेच अक्षर येतं. ‘पकडणे’ (चाप्ता, चाबायो) मात्र तेव्हाही साध्या ‘प’नेच लिहिलं जाई.

म्हणजे आज ‘अनियमित’ म्हणून शिकवले जाणारे हे धातू तेव्हा नियमितच होते. भाषेत दोन वेगळ्या शेवटांचे धातू होते, काही ‘प’वर संपणारे आणि काही या ओठांच्या ‘व’वर संपणारे. व्यंजन पुढे आलं की हा ‘व’ ओठ मिटून ‘प’ होई, त्यामुळे तिथे दोन्ही गट सारखे ऐकू येत. स्वर पुढे असला की ते वेगळे राहत. मग १४६०च्या दशकापर्यंत हे अक्षर लेखनातून दिसेनासं झालं, कारण तो आवाजच विरघळून साधा ओष्ठ्य ‘व’ किंवा ‘उ’ होऊन गेला. मागे राहिलं ते आजचं चित्र : व्यंजनापुढे ‘प’, स्वरापुढे ‘व’ किंवा ‘उ’. ‘प’ कुठे गेला, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते प्रश्न उलटा करावा. त्या जागी मुळात ‘व’ होता, आणि ‘छुप्ता’मधला ‘प’ हाच नंतर आलेला पाहुणा आहे.

याचा पुरावा फक्त क्रियापदांत नाही, म्हणून तो मला इतका भक्कम वाटतो. सेजोंगच्या विद्वानांनी लिपीच्या स्पष्टीकरणात या जोडअक्षराचं उदाहरण म्हणून कोळंबीला वापरायचा शब्द दिला, साधारण ‘सावी’ असा. आजचा प्रमाण शब्द ‘सॅउ’ आहे. राजधानीचं आजचं ‘सॉउल’ हे नाव त्या काळी ‘श्यॉवुल’सारखं लिहिलेलं सापडतं. तोच ‘व’ विरून ‘उ’ झाला.

या लिपीच्या प्रास्ताविकाचा कोरियन अनुवाद १४५९च्या एका ग्रंथात छापला आहे, आणि त्यातलं एक वाक्य वाचताना मला दरवेळी हरखून जायला होतं. वाक्य याच अक्षराविषयी आहे : ओष्ठ्य अक्षराखाली वर्तुळ जोडून लिहिलं की ‘ओठांचा हलका आवाज’ होतो. यातल्या ‘हलका’ या शब्दात तेच अक्षर आहे, ‘काबय्यावन’ असं काहीसं. म्हणजे अक्षराच्या नावातच ते अक्षर. ‘हलका असणे’चं आजचं रूप ‘काब्यॉप्ता’, आणि स्वरापुढे ‘काब्यॉवॉ’, म्हणजे तुमच्या ‘छुप्ता’च्याच घरातलं. त्याच वाक्यात ‘जोडून’साठी ‘निझॉ’ आहे, झाडातल्या ‘झ’सारख्या एका आवाजासह. तो आवाजही पुढे लोपला. आज त्या धातूचं मूळरूप ‘इत्ता’ आहे, लिहिताना शेवटी ‘स’, आणि स्वर लागला की ‘इऑ’, मध्ये काहीच नाही. तुम्हाला ‘स’ गळणारे धातूही त्रास देत असतील, तर त्यांचं मूळ इथे आहे. एका वाक्यात दोन्ही अनियमितता जिवंत असताना पकडल्या गेल्या आहेत.

आपल्याकडेही ओठांच्या आवाजाचं असं सैल होणं झालं आहे. संस्कृत ‘दीप’चा ‘दिवा’, ‘कपाट’चं ‘कवाड’, ‘सपत्नी’ची ‘सवत’. दोन स्वरांच्या मध्ये अडकलेला ‘प’ आधी ‘ब’ आणि मग ‘व’ झाला. दोन भाषांचा यात काही संबंध नाही, तोंडाला सोपं ते घडतं एवढंच. फरक असा की आपल्याकडे ‘प’ जाऊन शब्दच बदलून गेला, तर कोरियनमध्ये धातू एका प्रत्ययापुढे जुन्या तर दुसऱ्यापुढे नव्या आवाजात उभा राहतो, म्हणून विद्यार्थ्याला दोन्ही रूपं लक्षात ठेवावी लागतात.

आता ओळखायचं कसं. रूपावरून ओळखता येत नाही, हे ‘कुप्ता’ने दाखवलंच, पण शब्दाच्या जातीवरून बरंच ओळखता येतं. कोरियनमध्ये विशेषणंही क्रियापदांसारखी चालतात, ‘छुप्ता’ म्हणजेच ‘थंड असणे’. ‘प’वर संपणारी अशी गुणवाचक रूपं जवळजवळ सगळी ‘व’ची आहेत : गरम ‘तॉवॉयो’, तिखट ‘मॅवॉयो’, अवघड ‘ऑर्‍यॉवॉयो’, आभार मानताना ‘कोमावॉयो’. प्रत्ययांनी बनलेली, ‘-रोप्ता’ किंवा ‘-सुरॉप्ता’वाली लांब विशेषणंही यातच. रोजच्या वापरात हटकून आडवं येणारं एकच, ‘चोप्ता’ म्हणजे अरुंद, त्याचं ‘चोबायो’ होतं. ‘लाजरा असणे’ या अर्थाचं ‘सुजुप्ता’ही ‘ब’ राखतं.

कृती सांगणाऱ्या धातूंत उलट चालतं. घालणे, पकडणे, चावणे, उपटणे, घडी घालणे, पाठुंगळी घेणे, यांत ‘प’ टिकतो. ‘व’वाले थोडे आहेत आणि ते पाठ करून टाकलेले बरे : मदत करणे (तोप्ता), आडवं होणे (नुप्ता), उचलून घेणे (चुप्ता), भाजणे (कुप्ता) आणि कपड्याला ठिगळ लावणे (किप्ता). माझ्या वहीत हे पाच एका ओळीत आहेत आणि ती ओळ मी अनेक वर्षांत पुसलेली नाही.

‘तोप्ता’कडे मात्र नीट बघा. त्याचं ‘तोवायो’ होतं, ‘तोवॉयो’ नाही, म्हणून मदत मागताना ‘तोवाजुसेयो’. धातूतला स्वर ‘ओ’ असेल तर पुढचा स्वर ‘आ’ व्हावा हा जुना नियम आहे. १९८८मध्ये दक्षिण कोरियाने लेखनाचे नियम ठरवले (ते १९८९पासून लागू झाले), तेव्हा हा ‘आ’ ‘तोप्ता’ आणि ‘सुंदर, नाजूक’ अर्थाच्या ‘कोप्ता’ यांसारख्या एकाक्षरी धातूंपुरता ठेवला गेला. बाकी सगळीकडे ‘वॉ’. त्यामुळे जुन्या मजकुरात ‘कोमावा’ दिसलं तर ती चूक समजू नका, तेव्हाचं लेखन तसं होतं.

दोन फसव्या जागा आहेत. ‘नाही’ या अर्थाचा ‘ऑप्ता’ ऐकायला याच गटातला वाटतो, पण लेखनात त्याच्या शेवटी ‘प’ आणि ‘स’ अशी जोडी आहे. स्वर लागला की तो ‘स’ बाहेर येतो, ‘ऑप्सॉयो’. दुसरी जागा म्हणजे ‘छुम्ने’, ‘थंडी आहे की!’ असं म्हणताना. इथे ‘प’चा ‘म’ ऐकू येतो तो पुढच्या ‘न’मुळे. ‘इप्ता’लाही तेच होतं, ‘इम्ने’. त्यावरून गट ओळखू नका.

आणि कधी दक्षिण-पूर्वेच्या ग्यॉंगसांग प्रांतातल्या, बुसानकडच्या एखाद्या आजीने कुडकुडत ‘छुबॉरा!’ म्हटलेलं ऐकलंत, तर ती चुकली असं समजू नका. त्या बोलीत इथे ‘ब’च बोलतात, ‘छुबॉ’, ‘तॉबॉ’, ‘कोमाबॉ’. तिकडे कोळंबीही ‘सॅबी’ असते. तुमच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र ‘छुबॉयो’ला गुण मिळणार नाहीत.