५५ ला नोकरी सोडली तर ५८ पर्यंतची ३ वर्षं कशी काढायची?

प्रश्न: "पुढच्या महिन्यात ५५ पूर्ण होतात, टॉवेल कारखान्यातली २७ वर्षांची नोकरी सोडतोय. पीएफ १७ लाख, ग्रॅच्युइटी ३ लाखाच्या आसपास, घरखर्च महिना २२ हजार. पीएफची पेन्शन ५८ ला महिना ४ हजार बसेल म्हणतात. आत्ताच चालू केली तर कायमचं नुकसान होतं असं सगळे सांगतायत. मधली ३ वर्षं कशी काढू?"

दादा, मीपण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतूनच ५५ ला बाहेर पडलो, त्यामुळे ही ३ वर्षं काढून झालेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं ते "कायमचं नुकसान" मोजून बघा. ५८ च्या आधी पेन्शन घेतली की प्रत्येक वर्षामागं ४ टक्के कापतात, म्हणजे ३ वर्षांचे साधारण साडेअकरा टक्के, तुमचे ४,००० चे ३,५४० होतील. महिन्याला ४६० रुपये कमी, आणि हे खरंय की ते जन्मभर कमीच राहतात, ५८ झाल्यावर परत वाढवून देत नाहीत. पण त्या ३६ महिन्यांत तुमच्या हातात १ लाख २७ हजार आलेले असतात, आणि ते ४६०-४६० नं फिटायला २३ वर्षं लागतात, म्हणजे तुम्ही ८१ चे होईपर्यंत. शिवाय ह्या पेन्शनला महागाई भत्ता नाही, ४ हजार ते ४ हजारच, मग पंच्याहत्तरीत त्या ४६० रुपयांचं काय येणार? म्हणून लवकर घेणं मूर्खपणा आहे हे मला पटत नाही. ३ वर्षांचा खर्च वेगळा बाजूला निघत असेल आणि तब्येत चांगली असेल तर थांबा. नसेल, आणि थांबण्यापायी कर्ज काढायची नाहीतर ठेव मोडायची वेळ येणार असेल तर सरळ पेन्शनचा १०-डी फॉर्म भरा.

आता मुख्य पैसा. ५५ ते ६० मध्ये नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम मिळते हे खूप जणांना माहीतच नसतं, सगळ्यांना वाटतं ६० लागतात. अट अशी की निवृत्तीचेच पैसे त्यात टाकायचे आणि ते हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत. मी गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसानं "साठ झाल्यावर या" म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या खेपेला नियमाची प्रिंट नेली तर म्हणाला कंपनीचं पत्र आणा, आणि कंपनीनं जे पत्र दिलं त्यात नुसतं "सेवेतून मुक्त केले" एवढंच, रक्कम नाही काही नाही. तिसऱ्या पत्रावर काम झालं तेव्हा माझे ११ दिवस उरले होते, झोप उडाली होती अक्षरशः. तुम्ही नोकरीत असतानाच पत्र करून घ्या, त्यात हुद्दा, नोकरीचा काळ, निवृत्तीची तारीख आणि काय-काय रक्कम मिळाली किंवा मिळणार हे सगळं पाहिजे. आणि राजीनाम्याची तारीख ५५ पूर्ण झाल्यानंतरचीच टाका.

१५ लाख टाकले तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० येतात, म्हणजे महिना १०,२५०. खर्चाला ११,७५० कमी पडले, ३६ महिन्यांचे झाले ४ लाख २३ हजार. तुमच्याकडं पीएफमधले २ आणि ग्रॅच्युइटीचे ३ असे ५ लाख उरतायत, म्हणजे पेन्शनला हात न लावता निभतं, वर ७५-८० हजार दवाखान्याला राहतात. ह्या ४ लाख २३ हजाराचे ३ सारखे भाग करा, पहिला बचत खात्यात, दुसरा १ वर्षाच्या एफडीत, तिसरा २ वर्षांच्या. एकच मोठी एफडी केली की दर वेळी मोडायला लागते आणि व्याज जातं. आणि जास्त दर देते म्हणून पतसंस्थेत नको, बँकेतल्या ठेवीला ५ लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नाही.

एक गोष्ट मला नडली ती सांगतो. स्कीमचं व्याज १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ जानेवारी असंच येतं. मी जूनच्या मध्यात पैसे भरले तर जुलैला फक्त १५ दिवसांचं आलं, पुढचं थेट ऑक्टोबरला. म्हणून पहिले ४ महिने पूर्ण २२ हजारानं धरून खात्यात रोख ठेवा.

तुमच्या आकड्यांवर मी ५८ पर्यंत थांबलो असतो. पण ५८ नंतरचंपण बघा, १०,२५० आणि ४,००० मिळून १४,२५० च होतात, खर्च तोवर २५ हजारावर गेलेला असेल. ती खोट ३ वर्षांपुरती नाही, जन्मभराची आहे. म्हणून ह्या काळात जमेल ते अर्धवेळ काम धरा, महिना ६-७ हजार आले तरी ती एफडी बरीचशी शिल्लक राहते आणि ५८ नंतर कामी येते.

आणि पीएफच्या रेकॉर्डला जन्मतारीख आधारसारखीच आहे का ते आजच बघा. फरक असला तर दुरुस्तीला कंपनीची सही लागते. आपल्या सोलापुरात किती कारखाने कुलूप लावून गेले ते तुम्हाला माहीतच आहे, ३ वर्षांनी सही करायला कोण असेल सांगता येत नाही.