दोन रेघा मारल्या की चेक सुरक्षित झाला का?

प्रश्न: घर रंगवणाऱ्या ठेकेदाराला ४८,००० रुपयांचा चेक द्यायचा आहे. तो त्याच्या पोराला पाठवणार आहे. बेअरर, ऑर्डर आणि क्रॉस चेकमध्ये नेमका फरक काय? कोपऱ्यात दोन रेघा मारल्या की पुरे ना?

उत्तर:

नुसत्या रेघा पुरेशा नाहीत. बँकेच्या काउंटरवर मी बरीच वर्षं काढली, तिथे बहुतेकांचा इथेच घोटाळा व्हायचा. लोकांना वाटतं बेअरर, ऑर्डर आणि क्रॉस या चेकच्या तीन जाती आहेत. खरं तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पैसे कोणाला मिळू शकतात, हे बेअरर की ऑर्डर यावर ठरतं. पैसे रोख मिळतील की खात्यातच जमा होतील, हे क्रॉसिंगवर ठरतं.

तुमचं चेकबुक उघडून पाहा. नावाच्या ओळीच्या शेवटी 'या धारक को / OR BEARER' छापलेलं असतं. म्हणजे तुम्ही काहीच केलं नाहीत तर चेक आपोआप बेअरर असतो. ठेकेदाराच्या पोराच्या खिशातून तो रिक्षात पडला, तर ज्याला सापडेल तो काउंटरवर जाऊन रोकड मागू शकतो. बँक ओळखपत्र मागेल, मागे सही घेईल. पण तिने गाफीलपणा न करता रीतसर पैसे दिले असतील, तर कायदा तिच्या बाजूने उभा राहतो.

छापलेला तो 'धारक' आणि 'BEARER' खोडलात की चेक ऑर्डर होतो. आता पैसे नाव लिहिलेल्या माणसाला, किंवा त्याने मागे सही करून ज्याच्या नावे केला असेल त्याला. मात्र काउंटरवर ओळख पटवून रोख घेता येतेच, आणि मागची सही खोटी आहे हे ओळखायला बँकेकडे त्याच्या सहीचा नमुना असतोच असं नाही.

आता तुमच्या रेघा. डाव्या कोपऱ्यात दोन समांतर तिरप्या रेघा मारल्या की रोखीचा मार्ग बंद होतो आणि चेक कुठल्या तरी खात्यातच भरावा लागतो. 'कुठल्या तरी' हीच मेख आहे. 'BEARER' तसाच ठेवून नुसत्या रेघा मारल्या, तर कायद्याच्या नजरेत तो अजून धारकाचाच चेक आहे. चोराचा माग लागेल एवढाच फायदा. म्हणून दोन रेघांच्या मध्ये 'A/c Payee' लिहा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार असा चेक नाव असलेल्या माणसाच्या खात्यातच जमा करता येतो. पोराने हरवला तरी तिसऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी ठेकेदाराच्या खात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर विचारून घ्या. 'पाटील पेंटर्स' नावाचं खातंच नसेल आणि तुम्ही तेच लिहिलंत, तर चेक परत येईल.

लिहिताना मोकळी जागा सोडू नका. आकड्यांच्या चौकोनात ४८,००० च्या डावीकडे बोटभर जागा राहिली, तर कोणीही मागे एक '१' टाकून १,४८,००० करतो. अक्षरी ओळीत सुरुवातीला 'एक लाख' घुसवलं की काम फत्ते, आणि खाडाखोड कुठेच नाही! म्हणून दोन्हीकडे अगदी डाव्या कडेला चिकटून सुरुवात करा, शेवटी 'फक्त' लिहा आणि उरलेल्या ओळीवर आडवी रेघ ओढा. नावाच्या पुढेही तसंच. पेन स्वतःचं वापरा. समोरच्याने पुढे केलेल्या पेनची शाई पुसली जाणारी निघू शकते.

नाव किंवा रक्कम चुकली तर दुरुस्ती करून शेजारी सही करायची जुनी सवय सोडा. आता चेकची प्रतिमाच क्लिअरिंगला जाते आणि त्यात असे बदल चालत नाहीत. तो चेक फाडून नवा लिहा. सही करून कोरा चेक तर कोणालाच देऊ नका, 'रक्कम मी नंतर भरतो' म्हणणाऱ्या सख्ख्या माणसालाही नाही. सही केलेला कोरा चेक हातात देणं म्हणजे तो भरायचा अधिकारच देणं, असं कायदा धरून चालतो.

देताना मोबाईलवर चेकचा फोटो घ्या. पोराकडून काउंटरफॉईलवर तारीख आणि सही घ्या, आणि ठेकेदाराला चेकचा सहा आकडी नंबर मेसेज करा. आकडा ५०,००० किंवा त्याहून जास्त असता, तर बँकेच्या अ‍ॅपमधून 'पॉझिटिव्ह पे'मध्ये तपशील आधी कळवा म्हटलं असतं. चेक हरवल्याचं कळलं तर लगेच त्याच नंबरावर स्टॉप पेमेंट टाका. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने असते, तोवर 'आता कोण भरतोय' म्हणून गप्प बसू नका.