गाऊनच्या बाह्या आणि पाठीवरची ती ‘थैली’

वकिलाच्या गाऊनच्या डाव्या खांद्यामागे लोंबणारी छोटी थैली फी टाकण्यासाठी होती ना? आमच्या सरांनी तसंच सांगितलं.

सरांनीही ते ऐकूनच सांगितलं असणार. आपला गाऊन इंग्लंडच्या बॅरिस्टरांकडून आला. दुसरा चार्ल्स 1685 साली वारला, तेव्हा वकिलांनी सुतकाचा काळा पोशाख घातला आणि तो पुढे कायमच झाला. त्या पोशाखाला डोक्यावर घ्यायची टोपडी असे. ती आक्रसत गेली आणि तिचा अवशेष खांद्यावर राहिला. पाठीवरच्या दाट चुण्याही त्याच सुतकी गाऊनच्या. थैलीत फी टाकायची ही कथा ऐकायला छान आहे, तेवढंच.

दुकानदार म्हणतो, लांब बाह्यांचा ‘डीलक्स’ गाऊन घ्या, रुबाब दिसतो. पाचशे रुपये जास्त आहेत. घेऊ का?

नका घेऊ. सनदवाटप झालं की हा प्रश्न येतोच, आणि दर वेळी मला दुकानदाराचा राग येतो. तो ‘डीलक्स’ म्हणून विकतोय तो सिनियर अ‍ॅडव्होकेटचा, म्हणजे ज्येष्ठ वकिलाचा मान मिळालेल्यांचा गाऊन आहे. घालून बघा, लगेच कळेल. साध्या गाऊनची बाही रुंद आणि खाली उघडी असते, हात सरळ तिच्या तोंडातून बाहेर येतो. सिनियरच्या गाऊनमध्ये बाही खालून बंद असते. हात कोपराजवळच्या फटीतून निघतो आणि उरलेली बाही रिकामीच खाली लोंबते. मागे चौकोनी पडती कॉलर असते, चुण्या नसतात. हा मान 1961च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम 16 खाली सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय देतं, काउंटरवर तो मिळत नाही. नव्या सनदेच्या वकिलाने तो घालून कोर्टात उभं राहणं म्हणजे नसलेला दर्जा मिरवणं, आणि न्यायाधीश पहिल्याच तारखेला टोकू शकतात. आधीच घेतला असेल तर आजच बदलून आणा. शिवून घेणार असाल तर आधी बार रूममधल्या एखाद्या जुन्या वकिलाचा गाऊन हातात घेऊन नीट बघा आणि मग शिंप्याकडे जा.

तालुका कोर्टात उन्हाळ्यात कोट-गाऊन लागतो का?

गाऊन ऐच्छिक आहे आणि उन्हाळ्यात काळा कोटही सक्तीचा नाही. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात मात्र ही सवलत नाही. उन्हाळा कुठल्या तारखेपासून धरायचा हे तुमच्या बार असोसिएशनला विचारा.

गळ्यातला पांढरा बँड लावूनच समोरच्या हॉटेलात चहाला गेलं तर?

काढून जा. समारंभ सोडला तर कोर्टाबाहेर सार्वजनिक जागी बँड आणि गाऊन घालायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

पदवीदानाचा गाऊन आणि हूड कोर्टात चालेल का?

नाही. पदवीदानाच्या हूडचे रंग पदवी आणि विद्याशाखा सांगतात, आणि ते प्रत्येक विद्यापीठ आपलं ठरवतं. भाड्याने घेण्याआधीही रंग भाडेवाल्याला नव्हे, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला विचारा.