परिषदेसाठी वक्त्याचा परिचय: छोटा आणि मोठा

प्रश्न: परिषदेने माझा तृतीयपुरुषी परिचय ५० आणि १५० शब्दांत मागितला आहे. मोठा लिहून तोच कापला तर चालेल का?

उत्तर: कापू नका, छोटा परिचय आधी लिहा, कारण बहुधा तोच सूत्रसंचालक मोठ्याने वाचतो, तर मोठा परिचय स्मरणिकेत किंवा संकेतस्थळावर डोळ्यांनी वाचला जातो. कापलेल्या मजकुरात पदव्या उरतात आणि व्याख्यानाशी असलेला संबंध नेमका गळतो.

भूजलावर बोलणाऱ्या संशोधिकेचा छोटा परिचय असा सुरू व्हावा: "डॉ. (पूर्ण नाव) या भूजलशास्त्रज्ञ असून विहिरींतील फ्लोराइडचे प्रमाण कमी करण्याच्या पद्धतींवर २०१२ पासून संशोधन करीत आहेत." येथे "गेली अमुक वर्षे" असे लिहिले असते, तर पुढच्या वर्षी ते चुकीचे ठरले असते. यानंतर सध्याचे पद आणि विषयाशी निगडित एकच काम पुरेसे आहे.

मोठ्या परिचयात हेच पहिले वाक्य कायम ठेवून पूर्वीचे प्रकल्प, निवडक प्रकाशने आणि शेवटी शिक्षण द्यावे. आदरार्थी बहुवचन मात्र शेवटपर्यंत सांभाळावे. "त्या करतात" असे लिहिता लिहिता मध्येच "मी" किंवा "आम्ही" डोकावते, आणि ही चूक मोठ्याने वाचल्यावरच लक्षात येते.