हट्टी बसचं पालुपद

सप्रेम आशीर्वाद.

तुझी छोट्या हट्टी एसटीची गोष्ट पोचली. लगेच मोठ्याने वाचली, कारण मुलांना ऐकवायची गोष्ट मनातल्या मनात वाचून तिच्याबद्दल काहीच कळत नाही. बस मला आवडली. डेपोतून निघताना रुसते, म्हशी आडव्या आल्या की फुगते आणि घाटापाशी तर ठाण मांडूनच बसते. कथानकाला मी हात लावणार नाही. गोष्ट अडते ती पालुपदापाशी, म्हणून आज तेवढंच बोलू.

तू बसच्या तोंडी घातलेलं वाक्य असं आहे: "मला पुढच्या थांब्यापर्यंत जायची अजिबात इच्छा नाही." अर्थ चोख आहे, पण चार वर्षांचं मूल हे तुझ्याबरोबर म्हणू शकणार नाही. 'थांब्यापर्यंत' या एका शब्दातच जीभ अडखळते, पुढे 'इच्छा' आहेच, आणि अख्ख्या वाक्यात टाळी कुठे वाजवावी हे कळत नाही. पालुपद मुलाच्या तोंडात बसलं नाही तर ते नुसतं परत परत आलेलं वाक्य उरतं, आणि तशा वाक्याचा तिसऱ्या वेळी कंटाळा येतो.

आता हे म्हणून बघ:

नाही म्हणजे नाही!
मी जाणारच नाही!

ऱ्हस्व अक्षराची 1 मात्रा आणि दीर्घाच्या 2 असं धरलं, तर 'नाही' 4, 'म्हणजे' 4, परत 'नाही' 4. खालच्या ओळीतही 'मी जा', 'णारच', 'नाही' असे चार-चार मात्रांचे तीन तुकडे पडतात. टाळी धरून म्हटलंस की तीन टाळ्या शब्दांवर पडतील आणि चौथी रिकाम्या जागेवर. ही चौथी टाळी या पालुपदाचा जीव आहे. तिथे मुलं काय करतील? हॉर्न वाजवतील! 'पों पों' बरोबर चार मात्रांचं आहे. पहिल्या वेळी पानावर 'पों पों' छापूच नकोस, फक्त वाचणाऱ्याने तिथे थांबायचं. दुसऱ्या वेळी ते चित्रात येऊ दे, हॉर्नजवळ, मोठ्या अक्षरांत. तिसऱ्या वेळी वाचणाऱ्याला काही करावं लागणार नाही.

मात्रा मोजताना कागदावर फार विसंबू नकोस. शेवटच्या पानासाठी मी पालुपद जरासं फिरवलं आहे: "मी थांबणारच नाही!" लिहिलेली अक्षरं मोजलीस तर इथे 13 मात्रा भरतात, म्हणजे एक जास्त. पण बोलताना आपण 'थांब' मधला 'ब' मोकळा उच्चारत नाही, तो मागच्या अक्षराला चिकटतो. 'मी थांब्', 'णारच', 'नाही': कानाला तीनच तुकडे ऐकू येतात. मराठी बोलताना शब्दाच्या शेवटचा 'अ' जवळजवळ नेहमी असा गळतो. म्हणून आधी टाळी, मग मोजणी. टाळी चुकली नाही तर ओळ बरोबर आहे.

पालुपद येणार हे मुलांना आधी कळलं पाहिजे. तुझ्या मसुद्यात बस कधी ड्रायव्हरकाकांवर चिडून नाही म्हणते, कधी पाऊस आला म्हणून, कधी आपली आपण. मुलं तयारच नसतात. त्यासाठी तुझ्याकडे फार सुंदर वस्तू आहे आणि ती तू एकदाच वापरली आहेस: कंडक्टरमावशींची दोरी. टिंग टिंग म्हणजे निघा, एकच टिंग म्हणजे थांबा. एसटीत बसलेल्या मुलांना हे माहीत असतं, बाकीच्यांना पहिल्या पानावर सांगून टाक. मग प्रत्येक वेळी उजव्या पानाच्या तळाशी हेच वाक्य येऊ दे: "मावशींनी दोरी ओढली. टिंग टिंग!" पालुपद पान उलटल्यावर. पान उलटायला जो क्षण लागतो, तेवढ्यात मुलं श्वास भरून घेतात.

पालुपदानंतरच्या पहिल्या वाक्यात मात्र काही महत्त्वाचं सांगू नकोस. पों पोंच्या गोंगाटात ते कुणाला ऐकूच जात नाही. तू नेमकं तिथेच सांगितलं आहेस की मागच्या बाकावरच्या आजींना ताप आहे आणि त्यांना घाटापलीकडच्या दवाखान्यात जायचं आहे. अख्खी गोष्ट त्या आजींवर उभी आहे. ते दोन वाक्यं पुढे ने. गोंगाटाच्या जागी "ड्रायव्हरकाकांनी डोकं खाजवलं" असलं काहीतरी ठेव, हरवलं तरी चालेल असं.

आता किती वेळा. तू सात वेळा वापरलं आहेस, तीन पुरेत: डेपो, म्हशी, घाटाचा पायथा. चिऊताईच्या गोष्टीत कावळ्याची हाक तीच राहते आणि आतून येणारं उत्तर दर वेळी बदलतं, मुलं त्या बदलासाठी कान टवकारतात. तुझ्याकडे पालुपद तेच राहू दे, त्याच्या आधीचं कारण बदलू दे. डेपोत चिखल, मग म्हशी, मग घाट. प्रत्येक कारण आधीच्यापेक्षा जरा खरं वाटावं. घाटाला तर बस खरोखर घाबरली आहे.

चौथ्या वेळी आजी कण्हतात. मावशी दोरी ओढतात, टिंग टिंग. पान उलटतं, आणि बस काहीच म्हणत नाही. ते पान कोरं ठेवलंस तरी चालेल. मुलं हमखास ओरडतील, "नाही म्हणजे नाही!" आणि पुढच्या पानावर बस निघालेली दिसेल. आपला अंदाज चुकला म्हणून ती जी खूश होतात, ती मजा तीन वेळा तंतोतंत तेच म्हटल्याशिवाय मिळत नाही. म्हणून पहिल्या तिन्ही वेळा एक काना-मात्राही बदलू नकोस.

घाटाच्या पानांवर तू सगळीकडे यमकं जुळवली आहेस, ती काढ. सगळंच तालात आलं की पालुपद वेगळं ऐकू येत नाही. आधीचं गद्य साधं, बोलल्यासारखं असू दे, फक्त घंटी जवळ आली की वाक्यं आखूड होत जाऊ देत. चढण आणि उतार यांची एकेक ओळ मात्र तालात ठेव:

थोडी गेली, मागे आली.
भरभर झरझर उतरत गेली.

दोन्हींत 16 मात्रा आहेत. पण पहिलीत आठच अक्षरं, सगळी दीर्घ, त्यामुळे जीभ रेंगाळते आणि बस चढते आहे असं वाटतं. दुसरीत तेवढ्याच वेळात चौदा अक्षरं येतात. "बस वेगात उतरू लागली" हे मग लिहावंच लागत नाही.

आजी दवाखान्यात पोचल्या. पण आता बसला पळायची चटक लागली आहे. मावशी थांबायला सांगतात, एकच टिंग. आणि तिथे "नाही म्हणजे नाही! मी थांबणारच नाही!" बस सुधारली असं तू शेवटी लिहिलं आहेस, ते खोडून टाक. हट्टी बस हट्टीच राहिली पाहिजे, हट्टाचं तोंड तेवढं फिरलं.

नवा मसुदा झाला की ज्याने तो कधी पाहिला नाही अशा कुणालातरी मोठ्याने वाचायला दे. कसं वाचायचं ते सांगू नकोस. शेजारी पेन्सिल घेऊन बस आणि तो जिथे अडेल तिथे खूण कर. दुसऱ्या माणसानेही तिथेच अडखळलं तर दोष ओळीचा, वाचणाऱ्याचा नाही. त्यानंतर एखाद्या बालवाडीत वाचून बघ. तिसऱ्या टिंग टिंगलाही मुलं गप्प राहिली तर घंटीपासून पालुपदापर्यंतचं अंतर मोज. बहुतेक वेळा मध्ये एखादं जास्तीचं वाक्य घुसलेलं सापडतं.

खुणा केलेला कागद मला पाठव, स्वच्छ प्रत नको.

तुझी,
मावशी