इन्व्हर्टरचा वायफाय डोंगल सारखा ऑफलाइन जातो

राउटर बदलल्यापासून सोलर इन्व्हर्टरचा डोंगल सारखा डिस्कनेक्ट होतोय, अ‍ॅपमध्ये डेटा येत नाही, काय करू?

राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झचं वेगळ्या नावाचं नेटवर्क तयार करा, सिक्युरिटी WPA2 ठेवा आणि डोंगल त्यालाच जोडा. बहुतेक डोंगलना ५ गिगाहर्ट्झ चालतच नाही आणि नवीन राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली देतात, त्यात डोंगल गडबडतात. डोंगलचं रिसेट बटण दाबून धरा, मग मोबाइलवर डोंगलचंच वायफाय दिसेल, ते जोडून अ‍ॅपमधून नवीन नाव-पासवर्ड टाका, आणि पाचेक मिनिटांनी नवीन रीडिंग आलं की झालं. फक्त बॅटरी नसलेला इन्व्हर्टर सूर्यास्तानंतर बंद होतो, तेव्हा डोंगल ऑफलाइन दिसणारच, तो बिघाड नाही.